गावची पॉलिसी, मुंबईचं हॉस्पिटल: झोननुसार लागणारा को-पे आधीच कसा ओळखावा

माझ्या मामांची बायपास परळच्या एका हॉस्पिटलात झाली. मामा तासगावचे, पॉलिसीही तिकडच्याच पत्त्यावर. कॅशलेस मंजूर झालं म्हणून आम्ही निर्धास्त होतो. डिस्चार्जच्या दिवशी बिलिंग काउंटरवरच्या मुलीने मंजुरीचं पत्र पुढे सरकवलं आणि एका ओळीवर पेनाने गोल केला: ‘झोनल को-पे २० टक्के’. रक्कम होती ८४,००० रुपये. मामी माझ्याकडे बघत राहिल्या. पॉलिसी घेताना ही ओळ त्यांना कोणीही वाचून दाखवली नव्हती.

ही फसवणूक नव्हती, अट पॉलिसीत होती. बऱ्याच आरोग्य विमा कंपन्या देशातल्या शहरांचे दोन ते चार गट करतात. मुंबई आणि दिल्लीसारख्या शहरांत उपचार महाग, म्हणून तिथल्या लोकांना हप्ता जास्त. छोट्या शहरांना आणि गावांना कमी. मात्र कमी हप्त्याच्या झोनमधला माणूस महाग झोनमध्ये उपचाराला गेला, तर मंजूर रकमेचा ठरावीक टक्का त्याने स्वतः भरायचा. हाच झोनचा को-पे. सगळ्या पॉलिसींत तो नसतो, म्हणून आधी आपल्या पॉलिसीत आहे का ते बघायचं.

१. आपला झोन शोधा

पॉलिसीच्या शेड्यूलवर, म्हणजे नावं, विमा रक्कम आणि हप्ता असलेल्या पानावर, बहुतेक वेळा ‘झोन’ असं लिहिलेलं असतं. पुढे १, २, ३ किंवा ए, बी, सी. नसेल तर ग्राहक माहिती पत्रक बघा. हे दोन-चार पानांचं पत्रक प्रत्येक पॉलिसीसोबत देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे आणि को-पे असेल तर त्यात नोंद असते. सविस्तर अटींच्या पुस्तिकेत ‘को-पेमेंट’ आणि ‘झोन’ हे दोन शब्द शोधा. पीडीएफ असेल तर दोन मिनिटांचं काम आहे.

कोणतं शहर कोणत्या झोनमध्ये, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. एकीकडे पुणे दुसऱ्या झोनमध्ये असेल, तर दुसरीकडे मुंबईच्याच पंगतीला. त्यामुळे शेजाऱ्याच्या पॉलिसीवरून आपला अंदाज बांधू नका.

२. उपचार कुठे होतील ते प्रामाणिकपणे लिहून काढा

घरात वयस्कर माणसं असतील तर कागदावर लिहा: ताप-डेंग्यूला कुठे जाऊ, हृदयाचं काही झालं तर कुठे, कॅन्सर निघाला तर कुठे. सांगली-कोल्हापुरात चांगली हॉस्पिटलं आहेत, पण मोठं दुखणं निघालं की मुंबईतला मुलगा म्हणतो, ‘इकडे घेऊन या.’ मामांचं तेच झालं.

इथे मोजलं जातं ते हॉस्पिटल कुठे आहे ते. रुग्ण कुठे राहतो हे फक्त पॉलिसीचा झोन ठरवताना बघतात. ‘कामोठे म्हणजे काही मुंबई नाही,’ असं आपण म्हणू, पण बऱ्याच याद्यांत मुंबईबरोबर ठाणे आणि नवी मुंबई धरलेली असते. शंका असेल तर हॉस्पिटलचा पिनकोड कळवून कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या.

३. आकडा मांडून बघा

को-पे पूर्ण बिलावर लागत नाही. विम्यात न बसणारे खर्च आधी वजा होतात, आणि उरलेल्या मान्य रकमेवर टक्का लागतो. मामांचं बिल ४,३५,००० रुपये होतं. हातमोजे, नोंदणी फी वगैरे मिळून १५,००० अमान्य झाले. उरले ४,२०,०००. त्यावर २० टक्के म्हणजे ८४,०००. कंपनीने ३,३६,००० दिले आणि घरचे ९९,००० गेले. मध्यम झोनमधल्या शहरात टक्का १० असता, तर को-पे ४२,०००च झाला असता.

खोलीभाड्याला मर्यादा असेल आणि तुम्ही वरची खोली घेतली, तर त्या प्रमाणात बिलाचे इतर भागही कापले जाऊ शकतात. मुंबईत ती मर्यादा लवकर ओलांडली जाते. म्हणजे दोन कात्र्या लागतात.

ज्येष्ठांच्या पॉलिसीत वयाचा वेगळा को-पेही असू शकतो. समजा तो १० टक्के आहे. दोन्ही टक्के बेरीज करून लावले तर ३० टक्के, म्हणजे १,२६,०००. एकामागून एक लावले तर आधी ४२,००० आणि उरलेल्या ३,७८,०००वर २० टक्के म्हणजे ७५,६००, एकूण १,१७,६००. यातलं काय लागू होतं ते अटींच्या पुस्तिकेतच कळतं. तिथे स्पष्ट नसेल तर कंपनीला लेखी विचारा.

४. सूट कुठे आहे ते बघा

अनेक पॉलिसींत अपघातामुळे भरती व्हावं लागलं तर झोनचा को-पे लागत नाही. तुमच्या पॉलिसीत तशी ओळ असेल तर डिस्चार्जच्या कागदांवर दुखापतीचं कारण स्पष्ट लिहिलंय का, ते निघायच्या आधी तपासा. नुसतं ‘फ्रॅक्चर’ लिहून ‘दुचाकीवरून पडून’ राहून गेलं, तर वाद होतो.

५. रिन्युअलला निर्णय घ्या

बऱ्याच कंपन्या वरच्या झोनचा हप्ता भरून हा को-पे काढून टाकू देतात. पण तो बदल साधारणपणे रिन्युअलला होतो. रुग्ण भरती झाल्यावर काही उपयोग नाही. हिशेब असा करा: दोन झोनच्या हप्त्यांत वर्षाला ७,००० रुपयांचा फरक असेल, तर मामांचा एकच को-पे म्हणजे १२ वर्षांचा फरक. मुलं मुंबईत आणि आई-वडील साठीपार असतील, तर माझ्या मते हा फरक भरावा. तिशीतलं जोडपं असेल आणि उपचार गावाजवळच घ्यायचे ठरलं असेल, तर थांबायला हरकत नाही.

मुंबईत राहून गावच्या पत्त्यावर स्वस्त पॉलिसी घेण्याचा सल्लाही काहीजण देतात. तो ऐकू नका. को-पे लागतोच, शिवाय पत्ता खोटा दिल्याचा मुद्दा क्लेमच्या वेळी अंगावर येतो. घर बदललं असेल तर कंपनीला लगेच कळवा.

६. भरती करायची वेळ आलीच तर

हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर पहिल्याच दिवशी विचारा, ‘या पॉलिसीवर झोनचा को-पे आहे का, किती टक्के?’ आणि अंदाजे रक्कम हाताशी ठेवा. डिस्चार्जची अंतिम मंजुरी कंपनीने तीन तासांत द्यावी असा विमा नियामकाचा २०२४चा नियम आहे. मंजुरी आली की पैसे भरण्याआधी पत्रातली प्रत्येक कपात वाचा: टक्का पॉलिसीतलाच आहे का, तो मान्य रकमेवर लावलाय की पूर्ण बिलावर, आणि हॉस्पिटलचा झोन बरोबर धरलाय का.

चूक दिसली तर पावतीसकट पैसे भरून रुग्णाला घरी न्या आणि मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पॉलिसीतलं कलम दाखवून लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही. अर्जासोबत मंजुरीचं पत्र, अंतिम बिल आणि झोनच्या यादीचं पान जोडा.