पोटरी लवते, पण ताकद शाबूत आहे का? घरच्या घरी तपासण्याची पद्धत

पोटरीत किंवा दंडात त्वचेखाली स्नायू आपोआप फडफडतो, हातपाय मात्र जागचा हलत नाही. मज्जातंतूचे टोक स्वतःहून चेतते आणि त्याच्या ताब्यातील स्नायूतंतूंचा छोटासा गट क्षणभर आकसतो, एवढेच तेव्हा घडते. निरुपद्रवी फडफड आणि मोटर न्यूरॉनच्या आजारातील फडफड डोळ्यांना सारखीच दिसते, त्यामुळे दिवसातून किती वेळा लवले याची नोंद ठेवून काहीही कळत नाही. आजारात स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी मरतात, म्हणून स्नायूची ताकद जाते आणि तो झिजतो. शोध ताकदीचा घ्यायचा आहे.

पहिली पायरी: फडफड वाढवणारी साधी कारणे दूर करणे. दोन आठवडे चहा-कॉफी निम्म्यावर आणा, झोप पूर्ण घ्या, आणि दम्याच्या साल्ब्युटामॉलसारखी औषधे चालू असतील तर ती डॉक्टरांना सांगा. थायरॉइड, कॅल्शियम व मॅग्नेशियमची रक्ततपासणीही करून घ्या. शेतात कीटकनाशक फवारल्यानंतर घाम, लाळ आणि दम लागण्यासोबत स्नायू फडफडू लागले, तर ही विषबाधा समजून थेट रुग्णालय गाठा.

दुसरी पायरी: ताकद मोजणे. बहुतेक जण इथेच चुकतात, आणि फिजिओथेरपिस्ट असूनही मीही इथेच चुकलो होतो. माझी डावी पोटरी लवू लागली तेव्हा मी दिवसातून चार-पाच वेळा एका पायावर उभा राहून टाच उचलत असे. आठवडाभरात पोटरी इतकी दुखावली की पंधराव्या उचलीलाच पाय थरथरू लागला, आणि ती थरथर मी आजाराची खूण मानली. प्रत्यक्षात तो निव्वळ अतिश्रम होता. पाच दिवस पोटरीला विश्रांती देताच संख्या पूर्वपदावर आली. म्हणूनच 'रोज तपासत राहा' हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. थकलेला स्नायू अधिक फडफडतो, फडफड वाढली की भीती वाढते, आणि भीतीपोटी माणूस पुन्हा तपासू लागतो.

दोन आठवड्यांतून एकदाच, सकाळी, आदल्या दिवशी व्यायाम न करता तपासा. भिंतीला बोटे टेकवून, गुडघा सरळ ठेवून, एका पायावर टाच पूर्ण वर जाईल अशी जितक्या वेळा उचलता येईल तितक्या वेळा उचला आणि दोन्ही पायांचे आकडे लिहून ठेवा. त्यानंतर दहा पावले टाचांवर आणि दहा पावले चवड्यांवर चाला. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून दहा सेंटिमीटर खाली पोटरीचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा, आणि दर वेळी हीच जागा धरा.

उजव्या-डाव्यातला फरक पाहून घाबरू नका. तो पुष्कळांत असतो. माझ्याकडे आलेल्या चौतीस वर्षांच्या एका बँक कर्मचाऱ्याचे पहिले आकडे उजवीकडे २४ आणि डावीकडे २१ होते, घेर ३६ आणि ३५.५ सेंटिमीटर होता, आणि डावा पाय गेलाच असे त्यांच्या मनाने घेतले होते. सहा आठवड्यांनी उचलींचे आकडे २४ आणि २२ आले, घेर तेवढाच राहिला. डावा पाय कमीच होता, पण घसरत नव्हता. २१, मग १७, मग १२ अशी विश्रांतीनंतरही न भरून येणारी उतरंड दिसली, तर ती खरी दुर्बलता होय. 'पाय जड वाटतो' ही तक्रार आणि पाय काम करत नाही ही वस्तुस्थिती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी पायरी: रोजच्या कामांकडे पाहणे. चालताना एकाच पायातील चप्पल वारंवार निसटते का, पाऊल जमिनीवर आपटते का, किल्ली फिरवणे किंवा शर्टाचे बटण लावणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे का, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोलगट झाला आहे का, बोलणे अडखळते किंवा गिळताना ठसका लागतो का, हे घरातल्या माणसालाही विचारा. यांपैकी एकही गोष्ट होय असेल, तर आकड्यांची वाट न पाहता न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

चौथी पायरी: न्यूरॉलॉजिस्टची तपासणी. आठवडे उलटूनही फडफड थांबत नसेल, तर ताकद चांगली असली तरी एकदा तपासून घ्यावे, कारण क्वचित फडफड दुर्बलतेच्या आधीही येऊ शकते. डॉक्टर हातोडीने प्रतिक्षिप्त क्रिया पाहतील आणि गरज वाटल्यास ईएमजी, म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून त्यातील विद्युतक्रिया नोंदवणारी तपासणी, सांगतील. नुसती फडफड नोंदली गेली आणि मज्जातंतू तुटल्याच्या खुणा दिसल्या नाहीत, तर ईएमजी महिन्या-महिन्याला करवू नका. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, निरुपद्रवी फडफडीचे निदान झालेल्या १२१ जणांचा २ ते ३२ वर्षे मागोवा घेतला गेला, आणि त्यांपैकी एकालाही मोटर न्यूरॉनचा आजार झालेला आढळला नाही. त्या बँक कर्मचाऱ्याची पोटरी आजही अधूनमधून लवते, आणि त्यांनी आकडे लिहिणे थांबवले आहे.