पगाराचं खातं बदलल्यावर या चुका टाळा: ईएमआय, हप्ते आणि ऑटोपे

नोकरी बदलली, नवीन सॅलरी अकाउंट उघडलं, पगार तिथे जमा झाला की लोक निश्चिंत होतात. दोन महिन्यांनी फोन येतो, "ईएमआय बाऊन्स झाला, असं कसं काय?" ऑफिसात दर वर्षी निदान तीन-चार जणांकडून मी हे ऐकतो, आणि प्रत्येक वेळी कारण तेच असतं. मँडेट म्हणजे खात्यातून हप्ता कापायला आपण दिलेली परवानगी, आणि ती माणसाला नाही, खाते क्रमांकाला बांधलेली असते. पगार कुठे जमा होतो याच्याशी तिचा काही संबंध नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे नवीन मँडेट दिलं की जुनं खातं लगेच रिकामं करणं. ही मी स्वतः केली आहे. माझा गृहकर्जाचा हप्ता ५ तारखेला जायचा. २२ तारखेला मी नवीन खात्याचं ई-मँडेट नेटबँकिंगवरून दिलं, दुसऱ्या दिवशी मंजुरीचा मेसेजही आला. तो वाचून जुन्या खात्यातले सगळे पैसे नवीन खात्यात वळवले. ५ तारखेला हप्त्याची मागणी जुन्याच खात्यावर आली. मँडेट नोंदलं जाणं वेगळं आणि कर्ज देणाऱ्याने ते तुमच्या कर्जखात्याला जोडणं वेगळं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढच्या हप्त्याची यादी त्यांनी आधीच बँकेकडे पाठवलेली होती. जुन्या बँकेने बाऊन्सचा दंड लावला, वर १८ टक्के जीएसटी. कर्ज देणाऱ्या कंपनीचा दंड वेगळा. आठवडाभराने त्यांनी पुन्हा मागणी पाठवली, ती परत जुन्याच खात्यावर, आणि बँकेने दुसऱ्यांदा दंड घेतला. शेवटी मी हप्ता हाताने ऑनलाइन भरला.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. नवीन खात्यातून हप्ता ओळीने दोनदा गेलेला पासबुकात दिसेपर्यंत जुन्या खात्यात एका हप्त्याएवढे पैसे ठेवायचे. मंजुरीचा मेसेज मी पुरावा मानत नाही. स्टेटमेंटमध्ये `ACH` किंवा `NACH` असं लिहून खात्यातून कापलेली रक्कम दिसली, तरच काम झालं. कर्ज कंपनीला ईमेल करून "पुढचा हप्ता कोणत्या खात्यातून जाणार?" असं लेखी विचारायचं. कस्टमर केअरवरचं तोंडी "हो, झालं सर" यावर विसंबू नका. नवीन मँडेटचा ओळख क्रमांक, म्हणजे `UMRN`, त्या ईमेलमध्ये लिहिलात तर शोधाशोध टळते.

दुसरी चूक घाईची आहे. काय काय कापलं जातं हे बघायला लोक तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढतात. त्यात एसआयपी दिसते, ईएमआय दिसतो, पण टर्म इन्शुरन्सचा वार्षिक हप्ता दिसत नाही. तो वर्षातून एकदाच कापला जातो आणि तोवर जुनं खातं बंद झालेलं असतं. वार्षिक हप्त्याला साधारण ३० दिवसांची सवलत मिळते. त्या मुदतीत लक्षात आलं नाही तर पॉलिसी लॅप्स होते, आणि पुन्हा चालू करायला वैद्यकीय तपासणी द्यावी लागू शकते. म्हणून स्टेटमेंट तेरा महिन्यांचं काढा. एका संध्याकाळचं काम आहे, पण मला भेटलेल्या दहापैकी नऊ जणांना तेवढाही धीर नसतो.

एसआयपी चुकली तर फंडवाले दंड लावत नाहीत, पण बँक लावते. मासिक एसआयपी ओळीने तीनदा चुकली तर ती बंद होते.

यूपीआय अ‍ॅपमध्ये प्रायमरी खातं बदललं म्हणून जुने ऑटोपे नवीन खात्यावर जात नाहीत. अ‍ॅपमधल्या ऑटोपे यादीत प्रत्येकाखाली कोणतं खातं लिहिलंय ते बघा, जुनं रद्द करा आणि नवीन द्या.

कार्डाचं लक्षण उलटं असतं. नंबर बदलला की बाऊन्सचा दंड लागत नाही, त्यामुळे कळतही नाही. कार्डावरच्या ऑटोपेसाठी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने मेसेज पाठवायचा असतो. दर महिन्याला येणारा तो मेसेज आला नाही, तर सूचना जुन्या कार्डासोबतच संपली असं समजा आणि ज्याची सेवा आहे त्याच्या साइटवर नवीन कार्ड टाकून ओटीपी द्या. हप्ता १५,००० रुपयांपेक्षा मोठा असेल तर बहुतेक ठिकाणी दर वेळी ओटीपी लागतो. विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाच्या बिलाला ही मर्यादा १ लाखाची आहे. ओटीपीची विनंती दुर्लक्षित राहिली तरी पैसे जात नाहीत, आणि तो दोष कार्डाचा नसतो.

जुनं खातं बंद करायचंच असेल तर माझ्या हिशेबाने तेरा महिने थांबा. पण पगार येणं थांबलं की काही महिन्यांत ते साधं बचत खातं होतं आणि बऱ्याच बँकांत किमान शिल्लक ठेवावी लागते. किती, ते शाखेत आधीच विचारून घ्या, नाहीतर त्या दंडातच हप्त्यासाठी राखलेली रक्कम कमी पडते.