फुटलेला बल्ब होल्डरमधून काढताना या चुका टाळा

जुना बल्ब फिरवायला गेलं की काच हातात येते अन् पितळेची टोपी होल्डरमध्येच अडकून राहते, कारण उष्णतेनं काच अन् टोपीमधला चिकटा सुकून गेलेला असतो. मागच्या मे महिन्यात मानेवाड्यात आमच्या शेजारच्या काकांकडे हेच झालं, काका मेन स्विच पाडून सरळ स्टुलावर चढले. मी म्हटलं काका थांबा, टेस्टर लावा, तर म्हणे, "मेन बंद केला नं बाप्पा, आता कायचा करंट?" टेस्टर लावला तर पेटला!

कारण घरात इन्व्हर्टर. मेन पाडला की त्याला वाटते लाईन गेली अन् तो लाईटचा सप्लाय सुरू करून देतो. बरं, नुसता इन्व्हर्टरच बंद केला तरी भागत नाही, बऱ्याच इन्व्हर्टरमधून मेनची लाईन सरळ पुढे जात राहते, म्हणून दोन्ही बंद करा. फक्त बटण बंद करून तर चढूच नका, वायरिंग करताना कोणी बटण न्यूट्रलवर टाकलं असेल तर बल्ब विझतो पण होल्डरमध्ये फेज तसाच राहतो. टेस्टर आधी चालू प्लगवर पेटतो का ते बघा, मग सगळं बंद करून टोपीतून लोंबणाऱ्या दोन तारांना एकेक करून लावा.

दुसरी चूक, बटाटा खुपसणं. हा जुगाड चुडीवाल्या बल्बसाठी आहे. आपल्याकडचा पिनवाला बल्ब आधी वर दाबावा लागतो अन् मग फिरवावा लागतो, त्यात बटाटा कुस्करतो अन् त्याचं पाणी होल्डरमध्ये जाते ते वेगळंच.

काकांकडे आम्ही असं केलं: खाली पेपर अंथरला, चष्मा अन् जाड हातमोजे घातले, उरलेले काचेचे तुकडे पक्कडीनं काढले. मग नोज प्लायर मिटवून टोपीच्या आत घातला अन् आतून उघडला, म्हणजे दोन्ही टोकं टोपीला आतून घट्ट बसतात. तसंच वर दाबून खालून बघताना घड्याळाच्या उलट थोडंसं फिरवलं की पिना खाचेतून सुटतात. काकांनी आधी बाहेरून कडा पकडून जोर लावला होता, त्यात पत्रा चेपला अन् एक पिन खाचेत फसली, तो चेपलेला भाग आतून सरळ करण्यातच अर्धा तास गेला.

गंजून बसलेली टोपी दाबूनही हलत नसेल तर भांडत बसू नका, होल्डर तडकेल. लाईन बंदच ठेवून होल्डरच नवा बसवून घ्या. आणि फुटलेला सीएफएल असेल तर त्यात पारा असतो, आधी पंखा बंद करून खिडक्या उघडा, दहा मिनिटं बाहेर थांबा, तुकडे झाडूनं न झाडता जाड कागदानं उचला.

नवा बल्ब लावण्याआधी होल्डरमधल्या दोन्ही स्प्रिंगवाल्या पिना दाबून बघा, लाईन बंद असतानाच. काकांच्या होल्डरची एक पिन दाबल्यावर परत बाहेरच येत नव्हती, म्हणून शेवटी तो बदललाच.