गृहकर्जाचं सँक्शन लेटर वाचताना आधी रक्कम पाहा

सँक्शन लेटर, म्हणजे बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र, आलं की सगळे आधी व्याजदर पाहतात. मी आधी कर्जाची रक्कम पाहतो. तुम्ही मागितलेली आणि मंजूर झालेली रक्कम एकच आहे का?

वारज्यातल्या माझ्या पहिल्या फ्लॅटच्या वेळी मी हे पाहिलं नाही. मागितले होते ४० लाख, मंजूर झाले साडेएकेचाळीस. मला वाटलं, बँकेने विश्वासाने जास्त दिले. वरचे दीड लाख म्हणजे कर्जाच्या जीवनविम्याचा एकरकमी हप्ता होता, तोही कर्जातच घातलेला. साडेआठ टक्के आणि २० वर्षांच्या हिशोबाने ४० लाखांचा मासिक हप्ता सुमारे ३४,७१३ रुपये होतो, साडेएकेचाळीस लाखांचा ३६,०१५. फरक १,३०२ रुपयांचा, म्हणून डोळ्यांत भरत नाही. पण २४० महिन्यांत त्याचे ३ लाख १२ हजार होतात. शिवाय प्रोसेसिंग फी टक्केवारीने असेल, तर ती या वाढीव रकमेवरही लागते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी.

‘विमा कंपल्सरी आहे’ असं सांगितलं, तर ‘हे मला ईमेलवर लिहून द्या’ एवढंच म्हणा. कर्जासोबत जीवनविमा घ्यायलाच हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. घराचा आगीपासूनचा विमा वेगळा. बँक तो मागू शकते आणि तो तुलनेने स्वस्त असतो. मागे कुटुंब असेल तर जीवनविमा जरूर घ्या, पण स्वतंत्र टर्म पॉलिसी घ्या आणि बँकेला तीच देऊ करा. कर्जासोबतच्या पॉलिसीची मुदतही तपासा. कर्ज २० वर्षांचं आणि संरक्षण त्याहून कमी, असंही असतं.

सही करण्यापूर्वी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्चांचा तक्ता, मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या गृहकर्जासारख्या नव्या किरकोळ कर्जांना ते बंधनकारक आहे. त्यात विम्यासह सगळे खर्च धरून वार्षिक दर दिलेला असतो. तो व्याजदरापेक्षा बराच वर असेल, तर खर्चांची यादी ओळीने वाचा.

मुदतपूर्व परतफेड: व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग गृहकर्जाला शुल्क नाही. फिक्स्ड दर असेल तर ते कलम वाचाच.

दंड: १ एप्रिल २०२४ पासूनच्या कर्जांत व्याजदर वाढवून ‘दंडव्याज’ लावता येत नाही. दंड शुल्क म्हणून लागतो आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढत नाही. पत्रात जुनंच ‘दरमहा दोन टक्के दंडव्याज’ छापलेलं असेल, तर दुरुस्त पत्र मागून घ्या.

कर्जासोबतच्या जीवनविम्यावर सही आधीच झाली असेल, तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. थोडी वजावट होऊन पैसे परत मिळतात. ते कर्जखात्यात जमा झाले का ते पाहा आणि मासिक हप्ता नव्याने ठरवून देण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या.