दुसरी नोकरी स्वीकारल्यावर रिक्रूटरला नकार कसा कळवावा

माझी मावसबहीण जुळे सोलापुरात राहते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल निर्यातीच्या कारखान्यात ती पाच वर्षं अकाउंट्स बघत होती. पुण्याच्या एका रिक्रूटर मॅडमनी पाच आठवडे तिच्यासाठी खपून तिला एका कंपनीच्या शेवटच्या फेरीपर्यंत नेलं. मुलाखत गुरुवारी दुपारी पुण्यात होती आणि हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीटही काढून झालं होतं. सोमवारी तिला सोलापुरातल्याच दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर आलं, तिने सही करून परत पाठवलं आणि मग मला फोन केला. "आता त्या मॅडमना काय सांगू? आई म्हणते, फोनच उचलू नको की, समजतील आपोआप."

मी स्वतः कारखान्यांसाठी माणसं शोधण्याचं काम करते, त्यामुळे समोरच्या बाजूला काय घडतं ते मला ठाऊक आहे. एजन्सीला पैसे उमेदवार देत नाही, कंपनी देते, आणि तेही बहुतेक वेळा उमेदवार रुजू झाल्यावरच. वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, हा नेहमीचा दर. सहा लाखांच्या जागेला पन्नास हजार. उमेदवार मागे हटला की पाच आठवड्यांच्या कामाचे शून्य रुपये होतात. हा तोटा तुम्ही भरून देऊ शकत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. तुमच्या हातात एकच गोष्ट असते, ती म्हणजे वेळ. सोमवारी कळलं, तर मॅडम दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला गुरुवारसाठी उभं करू शकतात. गुरुवारी सकाळी कळलं, तर कंपनीसमोर त्यांची मान खाली जाते आणि कदाचित पुढची जागाही त्यांच्या हातून जाते.

म्हणून पहिली पायरी: नवी नोकरी कागदावर पक्की झाली आहे का ते बघा. "तुमचं झालं समजा" या तोंडी शब्दावर दुसरी मुलाखत सोडू नका. ऑफर लेटरवर पगार, पद आणि रुजू होण्याची तारीख आहे, तुम्ही होकार पाठवला आहे आणि तो मिळाल्याचं उत्तर आलं आहे, एवढं झालं की थांबायला कारण उरत नाही. त्याच दिवशी कळवा.

दुसरी पायरी म्हणजे फोन. ज्या माणसाशी तुम्ही दहा वेळा बोललात, त्याला हे आधी मेलमधून कळू नये. बोलणं लहान ठेवा आणि बातमी पहिल्याच वाक्यात सांगा. बहीण अशी बोलली: "मॅडम, मी दुसरी नोकरी स्वीकारली आहे, आज सही केली. त्यामुळे गुरुवारच्या मुलाखतीला येणार नाही. तुम्ही माझ्यासाठी इतकं केलंत, म्हणून मेलच्या आधी स्वतः सांगायचं होतं." आधी पाच मिनिटं घरची अडचण, तब्येत, प्रवास असं सांगत गेलात, तर समोरच्याला वाटतं की मुलाखत पुढे ढकलायची आहे, आणि तो तारखा सुचवू लागतो.

यानंतर प्रश्न येणारच. "कंपनीने पगार वाढवून दिला तर?" याचं उत्तर फोन लावायच्या आधी मनाशी ठरलेलं हवं. "बघू" म्हणालात, तर मॅडम कंपनीकडे शब्द टाकतील आणि दोन दिवसांनी तुम्ही दुसऱ्यांदा नाही म्हणाल. तो दुसरा नकार पहिल्यापेक्षा जास्त लागतो. "कुठे मिळालं, किती मिळालं?" हेही विचारतील. कंपनीचं नाव रुजू होईपर्यंत सांगायचं नसेल, तर तसं सरळ सांगा. आकडा सांगायला तुम्ही बांधील नाही. पण कारण मात्र एक द्या, खरं आणि पुढे सांगता येईल असं, कारण मॅडमना तेच कंपनीला सांगायचं असतं. बहिणीचं कारण साधं होतं: वडिलांचं वय झालंय, सोलापुरातच काम मिळालं.

फोन ठेवण्याआधी आणखी एक विचारा: "कंपनीला तुम्ही कळवाल की मी लिहू?" एजन्सीमार्फत गेलेल्या उमेदवाराने परस्पर कंपनीला मेल टाकला, तर रिक्रूटरला आपल्याच उमेदवाराची बातमी ग्राहकाकडून ऐकावी लागते.

तिसरी पायरी मेलची, फोननंतर तासाभरात. इथे मी बहिणीचा मसुदा थांबवला. तिने मनापासून लिहिलं होतं: "रविवारी रात्री तुम्ही माझी तयारी करून घेतलीत, फायनान्स हेड निर्यातीच्या कागदपत्रांवर काय विचारतात तेही सांगितलंत, हे मी विसरणार नाही." भावना खरी होती, पण हा मेल मॅडमपाशी थांबणार नव्हता. उमेदवार मागे हटल्याचा पुरावा म्हणून रिक्रूटर तो बहुधा जसाच्या तसा कंपनीला पाठवतात. फायनान्स हेडनी ती ओळ वाचली असती, तर आभार मानताना बहिणीने मॅडमनाच अडचणीत टाकलं असतं. म्हणून मेल असा लिहा की तो तिसऱ्याने वाचला तरी चालेल. आमचा शेवटी असा झाला:

विषय: सीनियर अकाउंटंट पदाची उमेदवारी मागे घेत आहे

"नमस्कार मॅडम,
आपल्या फोनवरील बोलण्याप्रमाणे कळवते की, मी सोलापुरातील एका कंपनीची नोकरी स्वीकारली आहे. त्यामुळे सीनियर अकाउंटंट पदासाठीची माझी उमेदवारी मागे घेत आहे. गुरुवारची मुलाखत कृपया रद्द करावी. हा निर्णय अंतिम आहे.
गेले पाच आठवडे आपण प्रत्येक फेरीआधी वेळ दिलात, आणि दुसरी फेरी माझ्या कामाच्या वेळा सांभाळून संध्याकाळी ठरवून दिलीत. त्याबद्दल मनापासून आभार. ऐनवेळी झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. कंपनीतील ज्यांनी माझ्यासाठी वेळ दिला, त्यांनाही माझे आभार कळवावेत."

माफी एकदाच मागितली आहे. तीन-तीनदा मागितली की समोरच्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं. आभारात घडलेली गोष्ट लिहिली आहे, कारण नुसतं "सहकार्याबद्दल धन्यवाद" असं कोणीही कोणालाही लिहितं. "भविष्यात नक्की संधी द्या" हे वाक्य मी काढायला लावलं. नकाराच्या पत्रात मागणी शोभत नाही. रविवारच्या तयारीबद्दलची ओळ तिने त्याच रात्री मॅडमना व्हॉट्सॲपवर पाठवली. ती तिथेच योग्य होती.

रिक्रूटरने सुचवलेल्या कंपनीचंही ऑफर लेटर तुम्ही आधीच सही करून दिलं असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा फोनआधी ते पत्र नीट वाचा. जॉइनिंग बोनस घेतला असेल, तर तो परत करण्याची तारीख मेलमध्ये स्वतःहून लिहा.

मॅडम फोनवर चिडल्या, तर ऐकून घ्या, वाद घालू नका. बहिणीच्या मॅडम थोडा वेळ गप्पच राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं झालं आज सांगितलंत." दोन दिवसांनी त्यांनीच विचारलं, तुमच्या ओळखीत कोणी आहे का? बहिणीच्या डोळ्यांसमोर जुन्या कारखान्यातली एक मैत्रीण होती. तिने आधी मैत्रिणीला विचारलं, तिचा होकार घेतला आणि मगच नंबर पाठवला.