खालच्या प्लेटवर वेग शून्य येईना: पॉवर-लॉ द्रवाचा माझा अनुभव

दोन समांतर प्लेटमधल्या शिअर-थिनिंग, म्हणजे जोरात ढवळल्यावर पातळ होणाऱ्या, द्रवाचा वेग काढत होतो. अर्धी फट h = 0.005 मी., प्रवाह-निर्देशांक n = 0.5, सांद्रता-गुणांक K = 2 (एसआय एककांत), दाबाचा उतार G = 4000 पास्कल प्रतिमीटर. y मध्यरेषेपासून मोजलेला. वरची प्लेट ठीक, पण खालच्या प्लेटला चिकटलेला द्रव 0.333 मी./से. वेगाने पळताना दिसला! n = 1 ची चाचणी आधीच बरोबर आली होती, म्हणून बराच वेळ G आणि K वरच संशय घेत बसलो.

दोष घातांकात होता. (n+1)/n इथे 3 होतो, आणि ऋण y चा घन ऋणच राहतो. n = 1 ला वर्ग येतो, त्यामुळे चूक झाकली गेली. n = 0.6 घेतला असता तर NumPy मध्ये थेट `nan` आला असता. उपाय एवढाच, y चं निरपेक्ष मूल्य:

```
p = (n+1)/n
u = (G/K)**(1/n) * (h**p - abs(y)**p) / p
```

आता मध्यावर 0.167 मी./से. आणि दोन्ही प्लेटवर शून्य. प्रतिमीटर रुंदीचा प्रवाहही 0.00167 वरून 0.00125 घनमीटर प्रतिसेकंद झाला. कमाल आणि सरासरी वेगाचं गुणोत्तर (2n+1)/(n+1), म्हणजे 1.33 यायला हवं, ते आलं. आधी ते चक्क 2 येत होतं.