लांब स्टील पाइप तापल्यावर किती वाढतो? हिशेबातल्या आणि जागेवरच्या या चुका टाळा

सूत्र सगळ्यांना शाळेपासून पाठ असतं: `ΔL = α × L × ΔT`. म्हणजे प्रसरणांक, मूळ लांबी आणि तापमानातला फरक यांचा गुणाकार. तरीही वाफेची लाइन पहिल्यांदा तापवली की कुठे पाइपच्या खाली जोडलेला पाया, म्हणजे शू, सपोर्टवरून उतरतो, कुठे पाइप बाजूला फुगतो, कुठे फ्लँज गळायला लागतो. चूक गुणाकारात क्वचितच असते. सूत्रात कोणते आकडे भरले आणि आलेल्या उत्तराचं जागेवर काय केलं, तिथेच बहुतेक घोळ होतात.

एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. 60 मीटरचा सरळ कार्बन स्टीलचा पाइप आहे, 6 इंची, नेहमीच्या 7.1 मिमी जाडीचा. एक टोक अँकरला पक्कं बांधलेलं, दुसरं सरकायला मोकळं. पाइप बसवला तेव्हा धातूचं तापमान 20 अंश सेल्सिअस होतं आणि चालू लाइनमध्ये ते 180 अंशांपर्यंत जातं. फरक 160 अंश. प्रसरणांक 0.000012 धरला तर 60 × 160 × 0.000012 = 0.115 मीटर, म्हणजे 115 मिमी. साडेअकरा सेंटिमीटर! लांबी मीटरमध्ये घातली की उत्तरही मीटरमध्येच येतं, हे विसरून कुणी "0.115 मिमी" लिहिलं तर सगळं डिझाइन तिथेच बसलं. ताळा करायला एक आकडा लक्षात ठेवा: साधं स्टील दर 10 मीटरला, दर 100 अंशांना साधारण 12 मिमी वाढतं. उत्तर याच्या आसपास नसेल तर पुढे जाऊ नका.

तापमानाचा फरक कुठून मोजायचा?

सर्रास होणारी चूक म्हणजे गरम तापमानच फरक म्हणून वापरणं. 180 अंशांची लाइन, म्हणून ΔT = 180. हे 0 अंशांपासून मोजल्यासारखं झालं. पाइप बसवला 20 अंशांना, तेव्हा मोजणी तिथूनच व्हायला हवी. दुसरी चूक त्याहून मजेशीर आहे: फरक केल्विनमध्ये हवा म्हणून 160 मध्ये 273 मिळवतात आणि उत्तर 312 मिमी काढतात. तापमान केल्विनमध्ये नेताना 273 मिळवावे लागतात, फरकात नाही. 160 अंश सेल्सिअसचा फरक म्हणजे 160 केल्विनचाच फरक. फॅरनहाइटच्या तक्त्यातला प्रसरणांक उचलून सेल्सिअसच्या फरकाला लावला तर उत्तर जवळपास निम्मं येतं, कारण सेल्सिअसचा एक अंश फॅरनहाइटच्या 1.8 अंशांएवढा असतो. निम्मं उत्तर दिसायला "बरोबर वाटेल" असं असतं, म्हणून ही चूक पटकन पकडली जात नाही.

इथेच आणखी एक गोष्ट निसटते. पाइप फक्त तापत नाही, थंडही होतो. लाइन बंद असताना कडाक्याच्या थंडीत धातू उणे 5 अंशांपर्यंत उतरत असेल, तर बसवलेल्या जागेपासून टोक सुमारे 17 ते 18 मिमी उलट्या दिशेने, म्हणजे अँकरकडे सरकेल. सपोर्टला ही जागाही द्यावी लागते. तीच लाइन कडक उन्हात बसवली आणि रिकामा पाइप तेव्हा 45 अंशांवर असेल, तर गरम बाजूची वाढ कमी होते आणि थंड बाजूचं आकसणं वाढतं. एकूण सरकण्याचा पल्ला तोच राहतो, सुरुवातीची जागा मात्र बदलते. म्हणून बसवताना हवेचं नव्हे, धातूचं तापमान मोजून लिहून ठेवा. उन्हातला पाइप हवेपेक्षा चांगलाच गरम असतो.

प्रसरणांक एकच नसतो

0.000012 हा आकडा कामचलाऊ आहे. स्टील जसं तापतं तसा प्रसरणांकही हळूहळू वाढतो. कार्बन स्टीलसाठी 20 ते 100 अंशांच्या दरम्यान सरासरी 0.000012 च्या आसपास असतो, तर 20 ते 300 अंशांच्या पट्ट्यात ती सरासरी 0.000013 च्या थोडी वर जाते. आपल्या 180 अंशांच्या लाइनसाठी 0.0000126 धरणं योग्य. मग वाढ 115 ऐवजी 121 मिमी येते. सहा मिलिमीटरचा फरक इथे सांभाळून घेता येतो, पण 400 अंशांच्या लाइनवर असा अंदाज महागात पडतो.

तक्ता वाचताना एक बघा: दिलेला आकडा 20 अंशांपासून त्या तापमानापर्यंतची सरासरी आहे की नेमका त्या तापमानाला असलेला दर? आपल्या सूत्राला सरासरी हवी. दुसरा प्रकार वापरला तर उत्तर फुगतं. आणि पाइप स्टेनलेस असेल, 304 सारखा, तर आकडा सुमारे 0.000017 होतो. तेवढ्याच लाइनची वाढ 163 मिमीच्या घरात जाते. जुन्या कार्बन स्टील लाइनच्या जागी स्टेनलेस टाकली आणि सपोर्ट तेच ठेवले, तर लाइन हमखास त्रास देणार.

"जाड पाइप आहे, दाबून धरेल"

लांबीतली वाढ पाइपच्या व्यासावर किंवा जाडीवर अवलंबून नसते. जाडीवर अवलंबून असतं ते बळ. म्हणूनच "दोन्ही टोकं भक्कम बांधू, मग वाढणारच नाही" हा विचार धोक्याचा आहे. दोन्ही टोकं पूर्ण रोखली तर ताण येतो स्टीलचा लवचीकता गुणांक, प्रसरणांक आणि तापमान फरक यांच्या गुणाकाराएवढा. 200,000 × 0.000012 × 160 म्हणजे जवळपास 384 मेगापास्कल. पाइपसाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या कार्बन स्टीलची यील्ड मर्यादा साधारण 240. म्हणजे धातू कायमचा दबणार, नाहीतर पाइप बाजूला फुगणार, नाहीतर अँकर उखडणार.

या हिशेबात लांबी कुठेच नाही, हे नीट बघा. दोन्ही बाजूंनी जखडलेला 2 मीटरचा तुकडाही 60 मीटरच्या लाइनइतकाच ताण सोसतो. "तुकडा छोटा आहे, एवढ्याशाने काय होतंय" असं म्हणून दोन पक्क्या टाक्यांमध्ये सरळ नळी वेल्ड करणारे इथे फसतात. आपल्या 6 इंची पाइपचं धातूचं क्षेत्रफळ सुमारे 3600 चौरस मिमी आहे. पूर्ण जखडलेला असेल तर दर 10 अंशांना तो अँकरवर जवळपास 86 किलोन्यूटन, म्हणजे पावणेनऊ टनांच्या आसपास जोर लावतो. वाढीला वाट द्यायची असते: लूप, बेलो किंवा मोकळं वळण. अँकर मधोमध घेतला तर प्रत्येक टोकाच्या वाट्याला निम्मी वाढ येते, आणि कित्येकदा तेवढंच पुरतं.

जागेवर बिघाड कसा ओळखायचा

आता हीच लाइन तापवली आणि 45 मीटरच्या सुमारास पाइप बाजूला झुकलेला दिसला, असं समजा. काय बघायचं?

थंड असतानाच प्रत्येक सपोर्टवर शू आणि बीम यांच्यावर समोरासमोर एकेक खूण मारलेली असेल तर काम सोपं होतं. लाइन पूर्ण तापली की दोन खुणांमधलं अंतर मोजा आणि हिशेबाशी ताडून बघा. अँकरपासून 30 मीटरवर 60 मिमी सरकायला हवं, 45 मीटरवर 91 मिमी. समजा 30 मीटरवर बरोबर 60 मिळालं, पण 45 मीटरवरही 61 च निघालं. म्हणजे या दोन सपोर्टांमधली 15 मीटर लांबी सरळ दिशेने वाढलेलीच दिसत नाही. तिचे 30 मिमी बाजूला गेले. ऐकायला 30 मिमी किरकोळ वाटतं. पण 15 मीटरच्या गाळ्यात दोन्ही टोकं थांबली आणि मधे पाइपला बाजूला जाऊ न देणारा गाइड नसेल, तर तेवढ्या जास्तीच्या लांबीने मधला भाग सुमारे 40 सेंटिमीटर बाहेर येतो. दोरी दोन खुंट्यांना जराशी सैल बांधली तरी मधे केवढी लोंबते, तसंच हे. इतका झुकलेला पाइप थंड झाल्यावर पूर्ण सरळ होईलच असं नाही.

मग 45 मीटरच्या शूपाशी जा. 61 मिमी सरकून तो थांबला, तर पुढे काहीतरी आडवं आलेलं असणार. बहुतेक वेळा बीमवर वेल्ड केलेला अँगलचा तुकडा निघतो, किंवा केबल ट्रेचा ब्रॅकेट. हिशेब उलटा केला की शू केव्हा अडला तेही कळतं: 45 मीटरला 61 मिमी वाढ होते पाइप साधारण 125 ते 130 अंशांवर पोचला की. लाइन हळू तापवताना तिथवर सगळं ठीक आणि त्यानंतर झुकणं सुरू झालं, असं चालवणाऱ्यांकडून कळलं तर निदान पक्कं. शू मुळीच सरकलेला नसेल तर संशय यू-बोल्टवर घ्या. गाइड म्हणून लावलेला यू-बोल्ट कुणीतरी नट आवळून घट्ट केला की तो न सांगता अँकर बनतो.

उलट प्रकारही होतो. शू 300 मिमी लांब आणि बीमवर बरोबर मधोमध ठेवलेला; रुंद बीम असेल तर 121 मिमी सरकूनही तो टिकतो, अरुंद बीमवर मात्र काठाशी येतो. अशा ठिकाणी बसवतानाच शू वाढीच्या उलट दिशेला, म्हणजे अँकरकडे, अपेक्षित सरकण्याच्या निम्म्याने मागे ठेवतात.

मोजताना स्टीलची टेप गरम पाइपवर पसरून लांबी मोजायला जाऊ नका. टेपही स्टीलचीच. पाइपबरोबर ती तापली तर तीही जवळपास तेवढीच वाढते आणि वाढ दिसतच नाही. मोजायचं ते नेहमी न तापणाऱ्या बीमच्या किंवा पायाच्या संदर्भाने.

अडथळा सापडला तरी गरम लाइनवर तो कापू नका. मागे अडकून बसलेला जोर एकदम सुटतो. लाइन थंड होऊ द्या, मग अँगल कापा आणि शूला दोन्ही बाजूंना पुरेशी मोकळी जागा आहे ना ते मोजून बघा. बाजूचा गाइड नसेल तर तो घाला. पुन्हा तापवण्याआधी अँकरच्या वेल्डला भेगा पडल्यात का हे तपासा, कारण शू अडल्यावर पाइपचा सगळा रेटा त्याच वेल्डने घेतलेला असतो. सगळ्यात जवळच्या फ्लँजचे बोल्टही बघून घ्या. सांधा वाकलेल्या अवस्थेत दाबला गेला असेल तर गळती कित्येकदा लाइन थंड झाल्यावर सुरू होते.